एकाच छोट्या कंपनीचा ताळेबंद: पहिल्या वर्षाच्या मुलांना कुठून वाचायला लावावा?

खडूफळा

व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाला मी हिशेब हा विषय शिकवते. वर्गातली निम्म्याहून जास्त मुलं विज्ञान किंवा अभियांत्रिकीकडून आलेली आहेत, त्यांनी जमा-खर्चाची वही कधी हाताळलेली नाही. गेल्या सत्रात मी ताळेबंद नेहमीच्या क्रमाने शिकवला: एका बाजूला मालमत्ता, दुसऱ्या बाजूला देणी आणि भांडवल, दोन्हींची बेरीज सारखी. लेखी परीक्षेत जवळजवळ सगळ्यांनी तो जुळवून दाखवला. तोंडी परीक्षेत मी एकच प्रश्न विचारला, "ही कंपनी बरी चालली आहे का?" तीन-चार जणांनी अगदी मनापासून उत्तर दिलं, "हो मॅडम, दोन्ही बाजू जुळताहेत."

बुडालेल्या कंपनीचाही ताळेबंद जुळतोच. म्हणजे मी त्यांना तो मांडायला शिकवलं, वाचायला नाही.

या सत्रात पूर्ण प्रकरण एकाच कंपनीवर शिकवायचं ठरवलंय. पुठ्ठ्याची खोकी बनवणारी एक छोटी कंपनी आहे. मालकांच्या परवानगीने नाव काढून आणि आकडे गोल करून देते आहे. आकडे लाखांत, आधी गेल्या वर्षअखेरचा, मग या वर्षअखेरचा.

कंपनीकडे काय आहे:
यंत्रं आणि इमारत (घसारा वजा करून): ४०, ४८
कच्चा आणि तयार माल: १८, ३०
ग्राहकांकडून येणं: २२, ३८
बँक आणि रोख: १०, २
एकूण: ९०, ११८

ते कोणाच्या पैशांतून आलं:
भागभांडवल: ३०, ३०
साठलेला नफा: १६, २६
बँकेचं मुदत कर्ज: २४, २०
बँकेचा ओव्हरड्राफ्ट: ६, १६
पुरवठादारांचं देणं: १२, २३
इतर देणी (पगार, कर): २, ३
एकूण: ९०, ११८

विक्री गेल्या वर्षी १२० होती, या वर्षी १३२. या वर्षीचा कर वजा जाता नफा १०, लाभांश वाटलेला नाही. घसारा ६ धरला आहे. आणि खरी घडलेली गोष्ट अशी, की वर्ष संपल्यावर दुसऱ्याच महिन्यात या कंपनीला पगार द्यायला आठ दिवस उशीर झाला.

वर्गात मी हाच प्रश्न ठेवणार आहे: दहा लाख नफा झालेल्या कंपनीकडे पगाराला पैसे का नव्हते? पण मुलांचं बोट धरून पहिल्यांदा कोणत्या ओळीवर न्यावं, यावर इथल्या जाणकारांचं मत हवं आहे.

---

रानवाट

ताळेबंद जुळत नसेल तर एक जुनी युक्ती सांगतो. फरकाला ९ ने निःशेष भाग जात असेल तर बहुतेक वेळा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५ असं. आणि फरक सम असेल तर त्याच्या निम्म्या रकमेची नोंद चुकीच्या बाजूला गेली आहे का ते पाहावं. मुलांना हे शिकवलंत तर त्यांचे तास वाचतील.

---

खडूफळा

रानवाट, युक्ती खरंच उपयोगी आहे, मांडणीच्या तासाला नक्की सांगेन. पण इथे ताळेबंद जुळलेलाच आहे. अडलंय ते जुळल्यानंतर काय वाचायचं, यावर.

---

सरळरेषा

मी अभियंता आहे, पण शेअर बाजारामुळे ताळेबंद बघत असतो. मला ही कंपनी ठीक वाटते. साठलेला नफा २६ लाख आहे, म्हणजे तेवढी गंगाजळी त्यांनी बाजूला टाकलेली आहे. पगार त्यातून द्यायला हवा होता. मालकांना नियोजन जमलं नाही, एवढाच अर्थ निघतो.

---

जुनी वही

सरळरेषा, तुमच्या उत्तरातच खडूफळा यांच्या वर्गाची पहिली पायरी आहे. मी बँकेत कर्ज विभागात बरीच वर्षं काढली. साठलेला नफा म्हणजे साठवलेले पैसे, हा समज फक्त विद्यार्थ्यांचा नाही, कर्ज मागायला येणाऱ्या मालकांचाही असतो.

आता बोट ठेवून शोधा, ते २६ लाख कुठे आहेत? बँकेत आणि गल्ल्यात मिळून फक्त २ आहेत. मग २६ गेले कुठे? ते यंत्रात आहेत, गोदामातल्या कागदात आहेत, ग्राहकांच्या खिशात आहेत. दुसरी यादी फक्त एवढंच सांगते की कंपनीत गुंतलेल्या ११८ लाखांपैकी कोणाचे किती. मालकांनी घातलेले ३०, मालकांनी कमावून आत ठेवलेले २६, बँकेचे ३६, पुरवठादारांचे २३, पगार आणि कराचे ३. आज ते पैसे कोणत्या रूपात आहेत हे फक्त पहिली यादी सांगते. साठलेला नफा ही मालकांच्या हक्काची नोंद आहे. ती कोणत्याही डब्यात ठेवलेली नाही.

म्हणून माझं मत असं: पहिलं बोट "बँक आणि रोख" या ओळीवर. १० होते, २ झाले. त्यानंतर वर्गात एकच प्रश्न विचारायचा, नफा १० झाला तर रोख ८ ने कमी कशी झाली? बाकी सगळा ताळेबंद त्या एका प्रश्नाचं उत्तर आहे.

---

दुसरा तास

मीही शिकवतो, आणि माझं मत वेगळं आहे. पहिल्याच दिवशी दोन वर्षांचे आकडे शेजारी ठेवले तर मुलं बावरतात. मी कंपनीच्या पहिल्या दिवसापासून सुरुवात करतो. मालकाने ३० लाख घातले: रोख ३०, भांडवल ३०. कर्ज घेतलं: रोख वाढली, कर्ज वाढलं. यंत्र घेतलं: रोख कमी, यंत्र वाढलं. प्रत्येक व्यवहारानंतर नवा ताळेबंद फळ्यावर. पंधरा-वीस व्यवहारांनंतर त्यांना तो आतून कळतो. वाचायची वेळ त्यानंतर येते.

---

खडूफळा

सर, मी गेल्या वर्षी अगदी असंच केलं होतं. त्यातून मांडणी पक्की झाली, पण प्रश्न विचारायची सवय लागली नाही. या वेळी उलटं करून बघायचंय. तुमचे दोन-चार व्यवहार मात्र मी नक्की उचलणार, विशेषतः उधार विक्रीचा.

जुनी वही काका, फरकांचं पुढे कसं न्यायचं ते सविस्तर लिहाल का?

---

जुनी वही

लिहितो. सूत्रं सांगायच्या आधी मुलांना दोन्ही यादींत तिसरा रकाना काढायला लावा, त्यात फक्त फरक. यंत्र अधिक ८, माल अधिक १२, येणं अधिक १६, रोख उणे ८. दुसरीकडे साठलेला नफा अधिक १०, मुदत कर्ज उणे ४, ओव्हरड्राफ्ट अधिक १०, पुरवठादार अधिक ११, इतर देणी अधिक १. हा रकाना म्हणजे कंपनीने वर्षभरात काय केलं त्याची गोष्ट आहे.

आता धंद्यापुरतंच पाहू. नफा १०. त्यात घसाऱ्याचे ६ मिळवा, झाले १६. माल १२ ने वाढला, म्हणजे तेवढे पैसे गोदामात अडकले. ग्राहकांकडचं येणं १६ ने वाढलं, तेवढे त्यांच्याकडे अडकले. मिळून २८. पण पुरवठादारांनी ११ जास्त थांबू दिले आणि इतर देणी १ ने वाढली, म्हणजे १२ चा आधार मिळाला. १६ मधून २८ गेले, १२ आले. उरलं शून्य.

या शून्यावर वर्गात थांबा. वर्षभर कारखाना चालला, १३२ लाखांची विक्री झाली, नफा १० दिसतो, आणि धंद्यातून हाती आलेली रोख शून्य. नफा खोटा नाही. माल ग्राहकाकडे गेला तेव्हाच विक्री धरली गेली, ते नियमाला धरूनच आहे. फक्त पैसे अजून आलेले नाहीत.

मग बाकीचं सोपं आहे. यंत्रं ४० ची ४८ झाली, पण मध्ये ६ घसारा गेला, म्हणजे नवी खरेदी १४ ची. मुदत कर्जाचे ४ फेडले. हे १८ आले कुठून? ओव्हरड्राफ्टमधून १० आणि शिल्लक रोखीतून ८. हिशेब पुरा होतो, आणि पगार का अडला तेही दिसतं.

---

नवखी

मी याच अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षाला आहे (दुसऱ्या कॉलेजात). काका, घसाऱ्याचे ६ मिळवले ते मला कधीच कळत नाही. घसारा हा खर्च आहे ना? मग खर्चातून पैसे येतात कसे?

---

जुनी वही

बाळ, घसाऱ्यातून एक पैसाही येत नाही. असं बघ, नफा काढताना आपण विक्रीतून कागद, मजुरी, वीज, व्याज असं सगळं वजा केलं. या प्रत्येकापोटी कोणाला तरी पैसे दिले किंवा द्यायचे आहेत. घसाऱ्याचेही ६ वजा केले, पण ते कोणाला दिले? कोणालाच नाही. यंत्राचे पैसे घेतलं तेव्हाच गेले होते, आता फक्त त्याचा झिजलेला भाग या वर्षाच्या नावावर टाकला. म्हणून रोख मोजताना ते वजा केलेले ६ परत ठेवायचे. आपण फक्त एक वजाबाकी मागे घेतो.

---

नवखी

आता कळलं. सरांनी "घसारा हा रोखीचा स्रोत" असं लिहून दिलं होतं, त्यामुळे घोळ होत होता.

---

सरळरेषा

मी माझं गंगाजळीचं वाक्य मागे घेतो, पटलं. पण मग खरा दोषी यंत्र आहे. १४ लाखांचं यंत्र घेतलं आणि त्यासाठी नवं मुदत कर्ज घेतलं नाही. ओव्हरड्राफ्ट आणि रोख यंत्रात घातली. यंत्र घेतलं नसतं तर पगार झाला असता.

---

जुनी वही

निम्मं बरोबर आहे. दीर्घ काळाच्या वस्तूसाठी रोजच्या ओढाताणीचा पैसा वापरू नये हा नियम खरा आहे. पण तो मोजून पाहू या. दीर्घ काळ टिकणारा पैसा या वर्षी किती तयार झाला? नफा १०, घसाऱ्याचे ६, त्यातून मुदत कर्जाला गेले ४. उरले १२. यंत्राला लागले १४. म्हणजे यंत्रापायी रोजच्या पैशातून फक्त २ काढले गेले. उरलेली सगळी ओढ माल आणि येणं यांची आहे. त्यांनी २८ खाल्ले.

---

सरळरेषा

आकडे मान्य. पण ते १२ लाख माल-उधारीच्या वाढीसाठी ठेवले असते तरी चाललं असतं ना? कोणत्या पैशाने काय घेतलं हे तुम्ही ज्या क्रमाने जोडाल तसा दोषी बदलतो.

---

जुनी वही

हा मुद्दा बिनतोड आहे. पैशांवर नाव लिहिलेलं नसतं. मी बँकेच्या सवयीने दीर्घ पैसा आधी दीर्घ वस्तूला लावला. मालकाच्या खुर्चीतून तुमची जोडणीही तितकीच योग्य ठरेल.

---

पहाटपाळी

मी सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना चालवते. हा ताळेबंद वाचताना अंगावर काटा आला, कारण माझंही एक वर्ष हुबेहूब असंच गेलं. एक मोठा ग्राहक मिळाला, ऑर्डरी वाढल्या, दोन पाळ्या सुरू केल्या. साठ दिवसांत देतो म्हणाले होते, शंभराच्या पुढे गेले. कागदावर ते माझं सगळ्यात चांगलं वर्ष होतं. त्याच वर्षी मी पगारासाठी घरातली बचत मोडली.

मला या ताळेबंदात सगळ्यात आधी खटकली ती "पुरवठादारांचं देणं" ही ओळ. १२ वरून २३. विक्री दहा टक्क्यांनी वाढली आणि देणं जवळपास दुप्पट झालं. याचा अर्थ पुरवठादारांनी खुशीने मुदत वाढवून दिली असा क्वचितच असतो. बहुतेक वेळा कंपनी त्यांना थांबवत असते. ते काही महिने थांबतात, मग एक दिवस रोखीशिवाय माल द्यायचं बंद करतात. ते ज्या दिवशी होतं त्या दिवशी त्या ११ लाखांचा आधार उलटा फिरतो. मुलांना सांगा, देणं वाढल्यामुळे रोख वाचली ही चांगली बातमी समजायच्या आधी, किती देणं मुदतीबाहेर गेलंय ते विचारा.

---

खडूफळा

पहाटपाळी ताई, हे मी तुमच्याच शब्दांत वर्गात सांगेन. मी त्या ११ कडे फक्त "आधार" म्हणूनच बघत होते.

ताळेबंदाच्या नोट्समध्ये आणखी काही आहे, ते आधी मुद्दाम दिलं नव्हतं. ग्राहकांकडच्या ३८ पैकी १४ एकाच ग्राहकाकडून येणं आहे आणि ते सहा महिन्यांहून जुनं आहे. ओव्हरड्राफ्टची मंजूर मर्यादा १८ आहे. तयार मालात ९ लाखांची खोकी त्याच ग्राहकाचं नाव छापलेली आहेत.

---

जुनी वही

तुम्ही ही नोट खाली ठेवलीत, हे शिकवायला फार चांगलं आहे. खरी कंपनी वाचताना कोणीही नोट्स आधी उघडत नाही, आणि जे कळायचं ते तिथेच असतं.

आधी येण्याकडे बघू. विक्री १२ ने वाढली आणि येणं १६ ने. म्हणजे वाढलेली सगळी विक्री उधारीवर गेली असं धरलं तरी हिशेब लागत नाही, जुन्या उधारीची वसुलीही मंदावली आहे. दिवसांत सांगायचं तर गेल्या वर्षी सरासरी ६७ दिवसांची विक्री येणं होतं, या वर्षी १०५ दिवसांची. इथे एक सावधगिरी मुलांना शिकवावी: वर्षाच्या शेवटच्या महिन्यात मोठी ऑर्डर गेली असेल तर हा आकडा निरपराधपणेही वाढतो. म्हणून महिन्यावार विक्री मागायची. पण आपल्याकडे नोट आहे. सहा महिने जुने १४ लाख शेवटच्या महिन्यातल्या ऑर्डरीचे असूच शकत नाहीत.

आता मुलांना एक प्रयोग करायला लावा. ते १४ बुडाले असं धरा आणि ताळेबंद नव्याने लिहा. येणं ३८ चं २४ होईल, एकूण ११८ चे १०४. दुसरी बाजूही १४ ने उतरायला हवी. कोणती ओळ उतरेल? बँक म्हणणार नाही की तुमचा ग्राहक बुडाला म्हणून आमचे पैसे कमी द्या. पुरवठादार, कामगार, कोणीच नाही. उतरतो तो फक्त साठलेला नफा, २६ चा १२. कराचा थोडा फरक पडेल, तो पहिल्या वर्षी बाजूला ठेवा. या वर्षीचा १० नफा जाऊन ४ तोटा झाला. एका ग्राहकाने एक वर्ष पुसलं.

दोन्ही बाजू का जुळतात, याचं खरं कारण मुलांना इथे कळतं. मालकांचा हिस्सा म्हणजे बाकी सगळ्यांचं देऊन जे उरतं ते. जुळणं हा चमत्कार नाही, मालकांचा आकडाच जुळवून घेतो.

---

पहाटपाळी

आणि ती छापलेली खोकी! दुसऱ्याचं नाव छापलेलं खोकं तिसरा घेत नाही. ती रद्दीच्या भावानेच जाणार. शिवाय पुठ्ठा दमट हवेत मऊ पडतो, खोक्याची ताकद जाते, त्यामुळे साठवून ठेवणंही परवडत नाही.

---

जुनी वही

बरोबर. आणि नियमही तेच सांगतो. माल बनवायला लागलेला खर्च किंवा तो विकून निव्वळ जे हाती येईल ते, यांत जे कमी असेल त्या किमतीला धरायचा. आंतरराष्ट्रीय हिशेब मानकांत हे आयएएस २ मध्ये आहे. ती ९ लाखांची खोकी ग्राहकाने उचलली नाहीत तर बहुतेक सगळा आकडा जाईल. मग साठलेला नफा १२ वरून ३ च्या आसपास. म्हणून माल ३० लिहिलेला दिसला की विचारायचं, कोणता माल, कोणासाठी, किती दिवसांपासून पडून?

---

सरळरेषा

एक शंका. आम्हाला शेअरच्या कोर्समध्ये चालू गुणोत्तर पाहायला सांगितलं होतं. वर्षभरात रोख होऊ शकेल अशी मालमत्ता ७० आणि वर्षभरात द्यायची देणी ४२. म्हणजे १.६७. एकापेक्षा बरंच वर आहे, मग धोका कुठे?

---

जुनी वही

आधी ४२ तपासा. मुदत कर्जाचा जो हप्ता येत्या वर्षात द्यायचा आहे, तो वर्षभरातल्या देण्यात धरायला हवा. या वर्षी ४ फेडले, पुढच्या वर्षीही तेवढेच धरले तर देणी ४६, गुणोत्तर १.५२. आता वरचे ७० बघा. त्यात रोख फक्त २, उरलेले ६८ म्हणजे माल आणि उधारी. अडकलेले १४ आणि छापील खोक्यांचे ९ काढले तर उरले ४७. ४७ आणि ४६. काठावर.

मला या गुणोत्तराबद्दल हेच सांगायचं असतं: गोदामात न विकलेला माल साचला तरी तो वरच्या आकड्यात पूर्ण धरला जातो. ग्राहक पैसे देईनासे झाले तरी त्यांचं येणं वरच्या आकड्यात तसंच राहतं. आजार वाढताना ज्याचा आकडा चांगला दिसू शकतो, असं मोजमाप एकटं वापरू नये.

आणखी एक गोष्ट बँकेच्या बाजूने. ओव्हरड्राफ्टची मर्यादा १८, वापर १६, म्हणजे २ शिल्लक असं मुलं म्हणतील. पण अशी मर्यादा बहुधा माल आणि उधारीच्या तारणावर असते, आणि ठरावीक दिवसांपेक्षा जुनी उधारी बँक त्यातून वगळते. ते १४ वगळले गेले तर प्रत्यक्ष उचलता येणारी रक्कम १८ च्या खाली येऊ शकते. म्हणजे ते २ लाख कागदावरच राहतील.

---

दुसरा तास

इथे एक मुद्दा राहतोय. ताळेबंद हा एका दिवसाचा फोटो आहे. फोटोच्या दिवशी सगळेच केस विंचरून बसतात. शेवटच्या आठवड्यात पुरवठादारांचे धनादेश थांबवले की रोख जास्त दिसते. मोठ्या प्रमाणावर हेच लेहमन ब्रदर्सने केलं होतं: तिमाही संपताना सुमारे ५० अब्ज डॉलरची मालमत्ता काही दिवसांपुरती ताळेबंदाबाहेर काढायची आणि नंतर परत आणायची. सप्टेंबर २००८ मध्ये ती बुडाली आणि २०१० मध्ये दिवाळखोरीच्या तपासणी अहवालात हे तपशील उघड झाले.

---

जुनी वही

सरांचा मुद्दा महत्त्वाचा. छोट्या कंपनीत हे पकडायचा साधा उपाय म्हणजे वर्षअखेरच्या पुढच्या महिन्याचं बँकेचं पासबुक. शेवटच्या आठवड्यात थांबवलेलं सगळं पुढच्या दोन आठवड्यांत बाहेर पडतं. पण या कंपनीने केस विंचरले असतील असं वाटत नाही. विंचरले असते तर रोख २ दिसली नसती.

---

खडूफळा

काल आणि आज मिळून दोन तास झाले, म्हणून सांगते.

पहिलं बोट "बँक आणि रोख" वरच ठेवलं. "नफा १० आणि रोख उणे ८, का?" हा प्रश्न फळ्यावर लिहून मी गप्प बसले. सुरुवातीला सगळ्यांनी यंत्राकडे बोट दाखवलं, सरळरेषा यांच्यासारखंच. फरकांचा रकाना काढल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारलं, "मॅडम, विक्री बारानेच वाढली, मग उधारी सोळाने कशी वाढली?" हे मी सांगितलेलं नव्हतं. त्याचं त्यालाच दिसलं.

शून्य आलं तेव्हा वर्गाचा विश्वास बसेना. दोघींनी बेरीज परत केली.

१४ बुडवून ताळेबंद नव्याने लिहायचा प्रयोग आज केला. सातपैकी चार गटांनी साठलेला नफा कमी केला. दोन गटांनी ओव्हरड्राफ्ट कमी केला, आणि एका गटाने "बुडीत ग्राहक" अशी नवी मालमत्ता तयार करून बेरीज ११८ वरच ठेवली! त्या गटाबरोबर सगळ्यात जास्त वेळ गेला आणि तो वेळ सार्थकी लागला, कारण "त्या मालमत्तेतून तुम्हाला कधी काय मिळणार?" या प्रश्नावर त्यांनीच ती खोडली.

एका प्रश्नाला मात्र मी पूर्ण उत्तर देऊ शकले नाही. एका मुलीने विचारलं, "सहा महिने पैसे आले नाहीत हे नोटमध्ये लिहिलंय. मग ऑडिटरनी ते १४ लाख ३८ मध्ये राहूच कसे दिले?"

---

जुनी वही

तिला सांगा, उशीर झाला म्हणजे बुडालं असं नाही. व्यवस्थापन म्हणालं असेल की ग्राहकाशी मालाच्या दर्जावरून वाद आहे, मिटला की पैसे येतील, आणि ऑडिटरला त्याला आधार सापडला असेल. पण निदान काही भागाची तरतूद करायला हवी होती, असं माझं मत.

---

पहाटपाळी

मला नाही पटत. माझ्या त्या ग्राहकाने अकराव्या महिन्यात सगळे पैसे दिले. मी सहाव्या महिन्यात ते बुडीत धरले असते तर बँकेने त्याच वेळी माझी मर्यादा कमी केली असती, आणि मी पैसे येण्याआधीच कारखाना बंद केला असता.

---

जुनी वही

ताई, तुमचे आले. माझ्या टेबलावर न आलेल्यांच्या फायली जास्त यायच्या. कदाचित म्हणूनच माझा कल तरतुदीकडे.

---

खडूफळा

पुढच्या तासाला वर्गाचे दोन भाग करते. एक भाग ऑडिटर, एक भाग मालक, आणि मध्ये ते १४ लाख. मालकांकडून त्या ग्राहकाबरोबरचा पत्रव्यवहार मागवलाय. मिळाला तर इथे सांगते.